'डिड यू?' ला मराठीत काय म्हणायचं? एका कुलपावर अडलेला संवाद

सानुनासिक

नमस्कार मंडळी. मी इंग्रजी मालिकांचे मराठी आणि हिंदी डबिंगचे संवाद लिहिते. अंधेरीतल्या एका स्टुडिओत परवा एका वाक्यावर आमचा पाऊण तास गेला, तरी समाधान झालं नाही. म्हणून हा धागा.

प्रसंग असा. मोठी बहीण आणि धाकटा भाऊ बाहेरून घरी येतात. घर फोडलेलं आहे, कपाटं उघडी, सगळं जमिनीवर. शेवटी घराबाहेर पडला होता तो भाऊ. बहीण दारातच थांबते, त्याच्याकडे न बघता हळू आवाजात म्हणते, "यू डिडन्ट लॉक द डोअर, डिड यू?" भाऊ मान खाली घालून ती डावीकडे-उजवीकडे हलवतो आणि म्हणतो, "नो."

मी लिहिलं होतं:
"कुलूप लावलं नाहीस ना?"
"नाही."

कागदावर मला ते ठीक वाटलं. पण आवाज देणाऱ्या मुलीने ते वाचलं आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बहिणीला कुलूप लावलेलं नकोच होतं असं ते ऐकू येत होतं! म्हणजे किल्ली आत राहिली आहे आणि ती काळजीने विचारते आहे, "अरे, कुलूप लावलं नाहीस ना?", तसं. दिग्दर्शक म्हणाले, शब्द बरोबर आहेत पण बाई वेगळीच बोलते आहे. तिने पुन्हा दोनदा आवाज खाली आणून वाचलं, थोडं सुधारलं, पण दुखणं वाक्यातच आहे असं मला वाटतं. हिंदीतही "ताला नहीं लगाया ना?" लिहिलं होतं, तिथे हा त्रास कमी जाणवला. असं का?

शेपटीचे हे छोटे प्रश्न तुम्ही मराठीत कसे आणता? पुढच्या आठवड्यात तो भाग पुन्हा रेकॉर्ड होणार आहे.

जुने_मास्तर

मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. नियम साधा आहे. वाक्य होकारार्थी असेल तर शेपूट नकारार्थी, आणि वाक्य नकारार्थी असेल तर शेपूट होकारार्थी. मराठीत याला चोख शब्द आहे, "नाही का?" तुम्ही "ना" वापरलंत तिथेच घोटाळा झाला. "ना" हे बोलण्यातलं लाडिक अक्षर आहे, "ये ना", "दे ना" असं. "तू कुलूप लावलं नाहीस, नाही का?" असं लिहा. नेमकं भाषांतर होईल.

ठाणे_स्लो

वा, अगदी वेळेवर धागा आला. माझी मुलगी सातवीत आहे. चाचणीत "लेट्स गो" ला तिने "डोन्ट वी" लावलं आणि मार्क गेला. बाई म्हणतात "शॅल वी". आणि "आय ॲम लेट" ला "आरन्ट आय" कसं काय? "ॲम" चं "आर" कुठून आलं? पाठ कसं करून घ्यायचं ते कुणी सांगेल का?

बोलीवेडी

@ठाणे_स्लो, बाई बरोबर आहेत. "लेट्स" ला "शॅल वी" लागतं, आणि "ॲम नॉट" चं सर्वमान्य जोडरूप इंग्रजीत उरलेलं नाही, म्हणून तिथे "आरन्ट" उसनं घेतात. पाठ करून घेण्यापेक्षा तिच्याशी बोलताना वापरा. "लेट्स गो, शॅल वी?" म्हणजे आपलं "चला, निघू या का?" एवढं तिच्या कानात बसलं की पुरे. पण इथला प्रश्न उलट्या दिशेचा आहे, तेव्हा परीक्षेसाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन.

@सानुनासिक, मी मुंबईत नोकरीसाठी आलेल्या मोठ्या माणसांना मराठी शिकवते, त्यामुळे हा "ना" मला रोज फोडून सांगावा लागतो. तुमच्या वाक्यात काय बिघडलं ते सांगते.

लोकलमधून उतरताना कुणी पडलं तर आपण धावत जाऊन काय विचारतो? "लागलं नाही ना?" पाहुण्यांना, "उशीर नाही ना झाला?" मैत्रिणीला, "रागावली नाहीस ना?" या सगळ्यांत बोलणाऱ्याची इच्छा "नाही" च्या बाजूला आहे. लागलेलं नसू दे, उशीर झालेला नसू दे. मराठीत "नाही" आणि "ना" असे चिकटून आले आणि आवाज वर गेला की वाक्यात ही धाकधूक आपोआप येते. "कुलूप लावलं नाहीस ना?" मध्ये तेच झालं. लावलेलं नसू दे, अशी तिची इच्छा ऐकू आली.

इंग्रजीत "डिड यू" चा आवाज वर नेला तर प्रश्न खरा असतो, खाली आणला तर उत्तर ठाऊक असतं आणि फक्त कबुली हवी असते. तुमची बहीण खालच्या आवाजात बोलते आहे. तिला उत्तर माहीत आहे, घर समोर पडलंय. मराठीत तेवढ्या आवाजावर भागत नाही, शब्दातही खूण लागते. ती खूण म्हणजे "च". "लावलंच नाहीस ना." आता ऐकून पाहा. इथे इच्छा उरत नाही, संशय खरा ठरल्याचं दुःख येतं.

मास्तरांना आदराने सांगते, "नाही का" चं मूळ काम वेगळं आहे. दोघांना ठाऊक असलेली गोष्ट आठवून द्यायला तो शब्द येतो. "तो नाही का, आपल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा!" किंवा "आपण मागच्या गणपतीत भेटलो होतो, नाही का?" तिथे तो सुंदर बसतो. पण आधी "लावलं नाहीस" म्हणून वर "नाही का" जोडलं तर ऐकणाऱ्याला दोन नकार मोजत बसावं लागतं. घर फोडलेल्या दारात उभी राहिलेली बाई असं बोलणार नाही.

जुने_मास्तर

आठवण करून देण्याचा मुद्दा मान्य. "तो नाही का" हे उदाहरण माझ्या लक्षात आलं नव्हतं, आमच्या घरातही असंच बोलतात. पण "ना" सगळीकडे घातला तर इंग्रजीतले चार वेगळे अर्थ एकाच अक्षरात कोंबले जातात, ही माझी तक्रार कायम आहे.

कुर्ला_ईस्ट

मी मूळचा प्रतापगढचा, तेवीस वर्षं मुंबईत आहे, मराठी इथेच शिकलो. चुकलं तर सांभाळून घ्या.

हिंदीत त्रास कमी का जाणवला ते सांगतो. आमच्याकडे धाकधूक असेल तर "तो" येतो. पडलेल्या माणसाला आम्ही विचारतो, "चोट तो नहीं आई?" कुलूप नको असेल तर विचारू, "ताला तो नहीं लगाया?" तुमच्या ओळीत "तो" नव्हता, म्हणून ऐकणाऱ्याचं मन काळजीकडे गेलं नाही. मराठीत काळजी आणि आरोप दोन्हीला "नाही ना" चालतं, हिंदीत काळजीला बहुतेक वेळा वेगळी खूण असते.

तरी मी ती ओळ अशी लिहीन: "ताला लगाया ही नहीं ना तूने." तुमच्या "च" च्या जागी आमचा "ही". आणि शेवटी प्रश्नचिन्ह देऊ नका, पूर्णविराम द्या. आवाज देणारा कलाकार चिन्ह बघून सूर लावतो.

एक अजून. मुंबईच्या हिंदीत शेवटी "क्या" लावतात, "तू आएगा क्या?" गावी भाऊ हसतो माझ्या या बोलण्यावर. हे मराठीतल्या "येशील का?" वरून आलं असं मला वाटतं. "ताला नहीं लगाया क्या?" असं मात्र लिहू नका, तो खरा प्रश्न होतो. तिला खरंच माहीत नाही असं वाटेल.

बोलीवेडी

@कुर्ला_ईस्ट, "तो नहीं" चा मुद्दा फार नेमका मांडलात. मराठीतही "विसरला तर नाहीस ना?" असं "तर" घालून म्हणतात, पण आपण ते सहज गाळतो आणि गाळलं की अर्थ आवाजावर टांगला जातो. शेवटच्या "क्या" बद्दल थोडं सावध राहायला हवं. इतर ठिकाणच्या बोलत्या हिंदीतही "क्या" शेवटी येतो. मुंबईत मराठी "का" ने त्याला बळ दिलं असेल, सगळं श्रेय मराठीला देता येणार नाही.

दुभाष्या_निवृत्त

मी मुंबईत कोर्टात दुभाष्याचं काम केलं. इथे सगळे प्रश्नाबद्दल बोलताहेत. माझा अनुभव असा की खरा धोका उत्तरात असतो.

वकील उलटतपासणीत विचारतात, "यू डिड नॉट सी हिज फेस, डिड यू?" मी साक्षीदाराला विचारायचो, "तुम्ही त्याचा चेहरा पाहिला नाही, बरोबर?" साक्षीदार म्हणायचा, "हो." हे "हो" इंग्रजीत "येस" केलं तर? इंग्रजी कानाला "येस" म्हणजे "येस, आय डिड", चेहरा पाहिला. साक्षीदाराच्या मनात मात्र "हो, तुम्ही म्हणता ते खरं, नाही पाहिला." अर्थ पार उलटा! आपण समोरच्याच्या म्हणण्याला हो-नाही म्हणतो, इंग्रजी माणूस घडलेल्या गोष्टीला हो-नाही म्हणतो.

एकदा एक भाजीवाल्या बाई साक्षीला होत्या. असाच नकारी प्रश्न आला, त्या "हो" म्हणाल्या, वकिलांनी लगेच "येस" धरलं आणि पुढचा प्रश्न टाकला. मी न्यायाधीशांची परवानगी घेऊन थांबवलं आणि बाईंना विचारलं, "पाहिला की नाही पाहिला? पूर्ण सांगा." त्या म्हणाल्या, "नाही ओ पाहिला, तेच तर सांगते." मग तसं नोंदवलं गेलं. मी परवानगी मागितली नसती तर कागदावर नेमकं उलटं गेलं असतं. त्या दिवसापासून नकारी प्रश्नाला आलेलं नुसतं "हो" मी कधीच तसंच पुढे दिलं नाही.

मराठी जबानीत म्हणूनच पूर्ण वाक्य लिहितात. "मी त्याचा चेहरा पाहिला नाही." आणि वकिलांनी सुचवलेलं नाकारायचं असेल तर "हे म्हणणे खरे नाही की..." बाहेरच्याला ही भाषा अवजड वाटते, पण त्यात "हो" कशाला होतं हा वाद उरत नाही.

सानुनासिक

@दुभाष्या_निवृत्त, अंगावर काटा आला वाचून. आणि तुमच्यामुळे माझा एक पर्याय बाद झाला. "च" वाचल्यावर मी हे लिहून ठेवलं होतं: "तू कुलूप लावलंच नाहीस, हो ना?" ऐकायला चांगलं आहे, आरोप पोचतो. पण "हो ना?" विचारल्यावर मराठी माणूस "हो" म्हणणार. पडद्यावर तर भाऊ मान आडवी हलवतो! तोंडात "हो" आणि मान "नाही", प्रेक्षक गोंधळणार. "लावलंच नाहीस ना" ला "नाही" हे उत्तर सरळ येतं आणि मानेशी जुळतं.

आता भावाने खोटं बोलून "येस, आय डिड!" म्हटलं असतं तर? पुढच्या एका प्रसंगात तसं आहे. "हो, लावलं" फार मिळमिळीत वाटतं.

लालबागची_पोर

"लावलं की!"

यापेक्षा वेगळं काय म्हणणार? आई म्हणते "तू जेवली नाहीस ना अजून?" आणि आपण म्हणतो "जेवले की!" नकार खोडायला "की" आहेच आपल्याकडे, त्याला "हो" लागतच नाही.

आणि मी मालवणी घरातली. आमच्याकडे "ना" च्या जागी "मा". "जेवलंस मा?" आजी फोनवर पहिलं हेच विचारते. मराठी मालिकेत भाऊ-बहीण कोकणातले असते तर तुमचा प्रश्न एका "मा" मध्ये सुटला असता की नाही, ते आजीला विचारून सांगते.

बोलीवेडी

"लावलं की!" अगदी हेच. इंग्रजीत याला स्वतंत्र शब्द नाही, तिथे "डिड" वर जोर देऊन भागवतात. आपल्याकडे आयता शब्द आहे आणि भाषांतरात तोच सगळ्यात जास्त विसरला जातो, कारण मूळ ओळीत "येस" दिसतं आणि हात "हो" कडे जातो.

कुर्ला_ईस्ट

हिंदीत तिथे "लगाया तो था!" म्हणू.

ठाणे_स्लो

मी मगाशी विषयाबाहेर गेलो, पण वाचतोय सगळं. माझाही एक अनुभव. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो, नाव नको. मी म्हणालो, "द ऑफिस इज शिफ्टिंग टू ऐरोली नेक्स्ट इयर आणि यू विल प्रोव्हाइड बस, इझन्ट इट?" समोरच्यांनी मला सगळ्यांदेखत दुरुस्त केलं, "वोन्ट यू". नोकरी मिळाली नाही. कारण तेच होतं असं म्हणत नाही, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. आज कळतंय की माझ्या डोक्यात "बस देणार ना?" होतं. आपल्या "ना" ला कर्ता कोण, काळ कुठला, काही बघावं लागत नाही. म्हणून मी "इझन्ट इट" पण तसंच सगळीकडे लावत होतो.

बोलीवेडी

@ठाणे_स्लो, हे तुम्ही स्वतः शोधलंत आणि बरोबर शोधलंत. भारतीय इंग्रजीत "इझन्ट इट" आणि नुसतं "नो?" असं न बदलणारं शेपूट खूप ऐकू येतं आणि आपल्या भाषांची सवय हे त्याचं एक कारण मानतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लंडनच्या बोलीतलं "इनिट" सुद्धा असंच कुठल्याही वाक्याला लागतं. तुम्हाला सगळ्यांदेखत ज्यांनी टोकलं त्यांनी वागायला नको होतं तसं.

जुने_मास्तर

परीक्षेत मात्र मार्क जाणार. शिक्षक म्हणून मला ते सांगावंच लागेल.

"राइट?" बद्दल कुणी बोललं नाही. माझा नातू दर दोन वाक्यांनी "बरोबर?" म्हणतो. "मी दादरला उतरलो, बरोबर? मग ब्रिजवर गेलो, बरोबर?" हे मराठी नव्हे. "बरोबर?" हा हिशेब जुळवताना विचारायचा शब्द आहे. "दोन किलो कांदे, एक जुडी मेथी, बरोबर?"

सानुनासिक

मास्तर, या एका बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. गोष्ट सांगताना येणारं "राइट" मी "ना" ने किंवा "बरं का" ने आणते. "मी दादरला उतरलो ना, तर ब्रिजवर ही गर्दी!" पण तरुण पात्र असेल तर स्टुडिओत मला सांगतात की "राइट" च ठेवा, मुलं तसंच बोलतात.

लालबागची_पोर

बोलतातच तसं. मीही बोलते. आमच्या ऑफिसात कुणी "बरं का" म्हटलं तर वयाने मोठं माणूस बोलतंय असं वाटतं. पंचविशीतल्या पात्राच्या तोंडी ते नका घालू. "ना" मात्र सगळ्यांना चालतो.

जुने_मास्तर

चालतं म्हणून लिहायचं का, यावर आपलं जमणार नाही. राहू द्या.

सानुनासिक

अजून एक ओळ अडली आहे. त्याच भागात पोलीस अधिकारी शेजाऱ्याला म्हणतो, "सो यू वेअर अस्लीप, वेअर यू?" इथे वाक्यही होकारी आणि शेपूटही होकारी. मास्तरांच्या नियमात बसत नाही. मी "तुम्ही झोपला होतात ना?" लिहिलं आणि ते चक्क मायेचं वाटलं!

जुने_मास्तर

असं इंग्रजीत येतं. शाळेत आम्ही शिकवत नाही, पण येतं. समोरच्याने सांगितलेलं उचलून त्यालाच परत दाखवायचं, आणि बहुतेक वेळा विश्वास नसतो. मराठीत याला "होय" आहे. "असं होय!" म्हणतो ना आपण, तोच. "म्हणजे तुम्ही झोपला होतात होय!"

बोलीवेडी

मास्तर, सुरेख! मला "अच्छा, म्हणजे झोपला होतात" एवढंच सुचत होतं. "होय" ने त्या अधिकाऱ्याचा संशय एका शब्दात आला.

दुभाष्या_निवृत्त

चाळीशीतला अधिकारी आज "होय" म्हणेल का, मला शंका आहे. पोलीस ठाण्यात मी "अच्छा, झोपले होते तुम्ही" जास्त ऐकलं आहे.

सानुनासिक

दोन्ही लिहून नेते, कलाकाराच्या तोंडात काय बसतं ते बघू.

*(सहा दिवसांनी)*

रेकॉर्डिंग झालं, म्हणून सांगायला आले. बहिणीची ओळ अशी गेली:

"कुलूप लावलंच नाहीस ना तू."
"नाही."

"तू" शेवटी का, ते सांगते. इंग्रजी ओळ "यू" वर संपते आणि कॅमेरा तिच्या तोंडावर आहे, ओठांचा चंबू स्पष्ट दिसतो. "लावलंच नाहीस ना कुलूप" म्हटलं की शेवटी ओठ मिटतात आणि पडद्यावर ते उघडे राहतात. "तू" वर संपवलं की ओठ जुळले. मूळ ओळीचे ठोके आठ, आपल्या ओळीचेही आठच भरले: कु-लूप-लाव-लंच-ना-हीस-ना-तू. पहिल्याच टेकला मिळालं. त्या मुलीने "च" वर जोर न देता तो जवळजवळ गिळला आणि मग जो "तू" आला, त्यानंतर काचेपलीकडे कुणी काही बोललं नाही.

अधिकाऱ्याचं "होय" राहिलं नाही. कलाकार म्हणाला की त्याच्या तोंडी ते आजोबांचं वाटतं. "अच्छा, झोपला होतात तुम्ही" घेतलं. मास्तर, मला वाईट वाटलं.

हिंदीत "ताला लगाया ही नहीं ना तूने" अर्थाला उत्तम बसलं, पण "ने" वर तोंड पसरतं आणि चित्रात चंबू आहे. @कुर्ला_ईस्ट, "तू" वर संपणारं काही सुचतंय का? "ने" काढता येत नाही आणि ओळ अजून उघडी आहे. सोमवारपर्यंत वेळ आहे.

कुर्ला_ईस्ट

"लगाया" ठेवलं तर "ने" जाणार नाही. क्रियाच बदलून बघा: "ताला लगाना भूल गया ना तू." "भूलना" ला "ने" लागत नाही, ओठ जुळतील. पण यात "नहीं" गेलं, मग भावाची मान आडवी हलणार तिचं काय करायचं, ते मला सुचलेलं नाही.